पानभर गुणाकारांऐवजी दोन फासे: तिसरीच्या वर्गात चौकटीचा खेळ कसा सुरू करावा

तिसरीचा वर्ग पहिल्यांदाच हातात आलेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. मी कोल्हापुरात पेठेतल्या एका शाळेत शिकवते. वर्गात छत्तीस मुलं आहेत. बरीच वर्षं मीही सगळ्यांसारखी चाळीस गुणाकारांची झेरॉक्स पानं वाटायची. पान तपासताना बरोबर किती आणि चूक किती एवढंच कळायचं. उत्तर कसं आलं, ते पान कधीच सांगत नाही. एका मुलीनं पानावर सहा ठिकाणी ६ × ७ = ४८ लिहिलं होतं. सरावाच्या नावाखाली मी तिच्याकडून तीच चूक सहा वेळा पक्की करून घेतली होती.

पाढे म्हणणं मी सोडलेलं नाही, हे आधीच सांगते. सकाळी परिपाठानंतर आमचा वर्ग पाढे म्हणतो आणि ते कानाला गोडही लागतात. पण पाढा ही एक साखळी असते. ‘सहा साते किती?’ असं मधूनच विचारलं की मूल ‘सहा एके सहा’पासून धावत निघतं आणि वाटेत एक कडी सुटली की पुढचं सगळं घसरतं. त्या साखळीतली एखादी कडी सुटी काढून तिच्याशी खेळता यावं, यासाठी खेळ. अनेक खेळ करून पाहिले, त्यातला एक नीट सांगते आणि त्याच्या मागून येणारा दुसरा थोडक्यात. तिसरीला हे दोन पुरतात.

सामान आणि आखणी

चार मुलांचा एक गट आणि गटात दोन जोड्या. प्रत्येक जोडीला एक चौकटीच्या वहीचं पान, दोन फासे, दोन वेगळ्या रंगांच्या पेन्सिली आणि नोंदीसाठी एक साधं पान. फासे लुडोचेच चालतात. महाद्वार रोडवर खेळण्यांच्या दुकानात सुटे मिळतात. पानावर स्केचपेननं दहा घरं आडवी आणि दहा घरं उभी असा चौकोन आखून द्या, म्हणजे आत बरोबर शंभर घरं येतात. सुरुवातीला मुलांना आखायला लावू नका. पहिला तास आखण्यातच जातो आणि निम्म्या चौकोनांत घरं नऊच निघतात.

फासा टाकायला डब्याचं झाकण द्या. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण झाकण नसेल तर फासा बाकाखाली जातो, त्याच्यामागे चार मुलं जातात आणि ‘आधी सहा पडला होता’ यावर भांडण होतं. झाकणाबाहेर पडलेला फासा पुन्हा टाकायचा, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा.

डाव कसा चालतो

जोडीतल्या एकानं दोन्ही फासे टाकायचे. समजा ४ आणि ५ पडले. तर चार ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच घरं असा आयत चौकोनात कुठेही काढायचा. कडा पेन्सिलीनं ठळक करायच्या आणि आत ४ × ५ = २० लिहायचं. जोडीदारानं तो तपासायचा, तोंडानं ‘पाच चोक वीस’ म्हणायचं आणि नोंदीच्या पानावर तीच ओळ लिहून आतापर्यंतची बेरीज मांडायची. मग फासे जोडीदाराकडे. पडलेला आयत कुठेच बसत नसेल तर ती पाळी वाया जाते. लागोपाठ दोन पाळ्या वाया गेल्या की डाव संपला. शंभराच्या जास्तीत जास्त जवळ कोणती जोडी गेली, ते शेवटी पाहायचं. दोन फाशांचा गुणाकार सरासरी बाराच्या आसपास येतो, त्यामुळे एक डाव साधारण सहा ते आठ पाळ्यांत, पंधरा-वीस मिनिटांत संपतो.

आयत आडवा काढायचा की उभा, यावरून वाद घालू नका. ४ × ५ मध्ये ओळी चार की पाच, यावर आम्ही शिक्षक तावातावानं बोलतो. मुलं मात्र वही फिरवून पाहतात आणि म्हणतात, ‘ह्ये तेच की, बाई!’ वही फिरवली तरी घरं वीसच राहतात, हे त्यांच्या डोळ्यांना पटलं की ७ × ४ आणि ४ × ७ वेगवेगळे पाठ करायची गरज राहत नाही. अंड्यांचा तीसचा ट्रे एकदा वर्गात आणून ठेवला होता. एका बाजूनं पाहिलं तर पाच ओळी सहाच्या, दुसऱ्या बाजूनं सहा ओळी पाचच्या. ज्या मुलाच्या घरी किराण्याचं दुकान आहे, तो रोज तो ट्रे बघतो. त्या दिवशी त्यानं तो पहिल्यांदाच मोजला.

कापायची मुभा

एवढाच खेळ असेल तर तो चांगला आहे, पण त्यात अजून खरा गणिती पेच आलेला नाही. तो एका नियमानं येतो. आयत बसत नसेल तर तो एकदा कापायची मुभा द्यायची. फक्त दोन्ही तुकड्यांचे गुणाकार आणि त्यांची बेरीज नोंदीत लिहिली पाहिजे.

गेल्या पावसाळ्यातला एक डाव सांगते. जुलै महिना, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, मैदान बंद. आम्ही व्हरांड्यात चटया टाकून बसलो होतो. दोन मुलींच्या जोडीला पहिल्यांदा ४ आणि ५ पडले. त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यात चार ओळी पाचच्या काढल्या, वीस घरं. मग ६ आणि ३. तो आयत त्यांनी उभा केला, सहा ओळी तीनच्या, पहिल्याला अगदी चिकटून. बेरीज अडतीस. मग २ आणि ६. तोही उभा, उजव्या कडेला, सहा ओळी दोनच्या. बेरीज पन्नास. पुढे ५ आणि ५ पडले. तो त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यात बसवला आणि बेरीज पंचाहत्तर झाली.

आता दोनच मोकळ्या जागा उरल्या होत्या. उजवीकडे खाली चार ओळी पाचच्या आणि डावीकडे मधे एक अरुंद पट्टी, एका ओळीत पाच घरं. फासे पडले ६ आणि ४. सहा बाय चारचा आयत कुठेच बसेना. फासे टाकणारी म्हणाली, ‘गेली पाळी.’ जोडीदारीण मात्र पानावर बोट फिरवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘सहातले पाच हिकडं लाव की. एक उरतोय, तो त्या पट्टीत.’ नोंदीत त्यांनी लिहिलं:

६ × ४ = ५ × ४ + १ × ४ = २० + ४ = २४

बेरीज नव्याण्णव झाली आणि पट्टीत एक घर उरलं. ते एक घर भरायला दोन्ही फाशांवर १ पडायला हवा, हे त्यांनीच शोधलं आणि मग मधली सुट्टी होईपर्यंत त्या फासे टाकत बसल्या.

वरच्या वर्गात याला वितरण गुणधर्म म्हणतात. तिसरीत ते नाव सांगायची गरज नाही. पण त्या मुलीला त्या क्षणी जे कळलं, तेच पुढे ७ × ८ अडल्यावर उपयोगी पडतं. सात पंचे पस्तीस येतं, सात त्रिक एकवीस येतं, दोन्ही मिळून छप्पन्न. जो गुणाकार आठवत नाही, तो आठवणाऱ्या दोन गुणाकारांत तोडायचा. सरावाचं पान मुलाला हे करायची सवड देत नाही, कारण खाली अजून एकोणचाळीस गणितं वाट बघत असतात.

वर्गात आणायचं कसं

पहिल्याच दिवशी छत्तीस मुलांना एकदम खेळ समजावून सांगू नका. मी तसं केलं होतं आणि नऊ गटांतून नऊ वेगळे खेळ निघाले. आता तीन दिवस घेते. पहिल्या दिवशी बाकीच्यांना वहीतलं काम देऊन फक्त चार मुलांना चटईवर घेऊन बसते आणि त्यांच्याबरोबर पूर्ण डाव खेळते. वर्गातली हुशार चार निवडायची नाहीत. समजावून सांगायला ज्यांना आवडतं, अशी चार निवडायची. दुसऱ्या दिवशी त्या चौघांना चार गटांत वाटते. प्रत्येकाबरोबर तीन नवी मुलं, म्हणजे सोळा मुलं खेळतात. तिसऱ्या दिवशी पूर्ण वर्ग. मुलांनी मुलांना सांगितलेले नियम लवकर डोक्यात बसतात आणि मला फिरायला मोकळीक मिळते.

आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. त्याच वीस मिनिटांत पूर्वी पान सोडवायचं असायचं, म्हणून वेगळा तास शोधावा लागत नाही. कापायची मुभा पहिल्या आठवड्यात देऊ नका. आयत नीट काढता येऊ लागले की दुसऱ्या आठवड्यात द्या.

जोड्या करताना पाढे तोंडपाठ असलेलं मूल आणि बोटं मोजणारं मूल एकत्र बसवायचा मोह होतो. तसं केलं की पहिलं मूल उत्तर सांगतं आणि दुसरं नुसतं रंगवतं. साधारण सारख्या तयारीची दोघं एकत्र बसली की बोलणं होतं. आणि घड्याळ लावायचं नाही. ‘कोण आधी सांगतंय’ असं म्हटलं की ज्यांना येतं तीच मुलं खेळतात आणि बाकीची गप्प राहून कधी संपतंय याची वाट बघतात.

फिरताना काय बघायचं

खेळ चालू असताना शिक्षकानं वह्या तपासत बसू नये. मी एका तासात दोनच गटांजवळ बसते आणि बघत राहते.

पहिली चूक लगेच दिसते. मूल घरांऐवजी रेघा मोजतं. पाच घरांचा आयत काढायला पाच उभ्या रेघा मोजल्या की आत चारच घरं येतात. अशा मुलाचा गुणाकार बरोबर असतो, पण आत लिहिलेली संख्या आणि घरं जुळत नाहीत. तपासणाऱ्या जोडीदारानं बोट रेघेवर न ठेवता घराच्या मधोमध ठेवून मोजलं की चूक त्यांची त्यांनाच सापडते. सुरुवातीला मी प्रत्येक घरात एकेक चिंचोका ठेवायला लावते. चिंचोका रेघेवर बसत नाही, घरातच बसतो.

दुसरी गोष्ट हळूहळू दिसते. पहिल्या आठवड्यात बरीच मुलं घरं एकेक मोजतात आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या आठवड्यात ‘पाच, दहा, पंधरा, वीस’ असं ओळीनं मोजणं सुरू झालं पाहिजे. तिसऱ्या आठवड्यातही पेन्सिलीचं टोक एकेका घरावर टेकत असेल, तर ते मूल आयताकडे ओळी म्हणून पाहत नाही, सुट्या घरांचा ढीग म्हणून पाहतं. त्याला आणखी डाव खेळायला लावून उपयोग होत नाही. कागदानं आयत झाका आणि एकच ओळ उघडी ठेवा. ‘हिच्यात किती?’ मग दुसरी ओळ उघडा. ‘आता किती झाली?’ असं चार-पाच आयतांवर केलं की बोट उचललं जातं.

नोंदीचं पान कधी वगळू नका. मुलांना ते नको असतं, कारण त्यामुळे डाव हळू चालतो. पण नोंद नसेल तर मुलं आयत रंगवतात, बेरीज करतात आणि गुणाकार बोलायचाच राहतो. नोंद घरी दाखवायलाही उपयोगी पडते. ‘बाई, आज वहीत काहीच नाही?’ असं आई-बाबा विचारतात आणि त्यांचं विचारणं चुकीचं नसतं. मी पानाच्या वर एक ओळ लिहिते: ‘यातला कोणताही एक गुणाकार घेऊन आयत काढून दाखवायला सांगा.’ आजोबांनी नातवाला घरातल्या फरशा मोजायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी नातू बारा बाय नऊचा प्रश्न घेऊन आला, असंही झालं आहे.

हरण्या-जिंकण्यावरून भांडणं वाढली तर दोन्ही जोड्यांना एकच चौकोन द्या आणि चौघांनी मिळून शंभर गाठायचे. माझ्या वर्गात निम्मे गट आता आपणहून असंच खेळतात. तरी एखादं मूल ‘ह्यो रडीचा डाव खेळतोय’ म्हणत येतंच. त्याला नोंदीचं पान दाखवायला सांगायचं. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

सहाच्या पुढचे पाढे

या खेळाची मर्यादा फाशातच आहे. साध्या फाशावर सहाच्या पुढे काही नाही, म्हणून सात, आठ, नऊ कधीच येत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी फासे बदलावे लागतात. कागदी टेपचे छोटे तुकडे घेऊन एकावर सात, दोनावर आठ आणि पाचावर नऊ लिहून चिकटवा. आता फाशावर ३, ४, ६, ७, ८, ९ असे आकडे आले.

हेच सहा का, ते सांगते. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार असतात. उलटसुलट सारखेच धरले तर पंचावन्न उरतात. त्यातले एक, दोन, पाच आणि दहाचे बहुतेक मुलांना तिसरीच्या मध्यापर्यंत येतात. ते बाजूला काढले की फक्त एकवीस उरतात आणि ते सगळे या फाशावर आहेत. हे पालकसभेत फळ्यावर मांडून दाखवा. शंभर ऐकून दडपलेली आई एकवीस ऐकून जरा सैल होते.

चौकोन आता वीस बाय वीसचा लागतो. वहीचं जोडपान उघडून आखा किंवा चार छोटे चौकोन कापून चिकटवा. कापण्याचा नियमही बदलतो. आता प्रत्येक आयत काढताना तो एकदा कापायचाच, आपल्याला येणाऱ्या जागी. ८ × ६ आला तर कुणी आठाचे दोन चार करतं आणि चोवीस-चोवीस अठ्ठेचाळीस म्हणतं. कुणी सहातून पाच वेगळे काढतं आणि चाळीस अधिक आठ म्हणतं. दोन्ही बरोबर. दोन जोड्यांनी एकच गुणाकार वेगळ्या जागी कापला असेल तर तास संपताना ते दोन कागद फळ्यावर शेजारी लावते. ती पाच मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात. ६ × ७ = ४८ लिहिणाऱ्या त्या मुलीनं याच टप्प्यावर सहा पंचे तीस आणि सहा दुणे बारा असं तोडलं, बेचाळीस आलं, आणि वर पाहून म्हणाली, ‘अठ्ठेचाळीस तर आठाचं हाय की!’ तिला सहा आठे अठ्ठेचाळीस येत होतं. फक्त ते चुकीच्या कडीला अडकलं होतं.

मागून येणारा पट

हा टप्पा दोनेक आठवडे झाला की दुसरा खेळ आणा. पुठ्ठ्यावर सहा ओळींत या छत्तीस संख्या लिहायच्या:

१ २ ३ ४ ५ ६
७ ८ ९ १० १२ १४
१५ १६ १८ २० २१ २४
२५ २७ २८ ३० ३२ ३५
३६ ४० ४२ ४५ ४८ ४९
५४ ५६ ६३ ६४ ७२ ८१

खाली एका पट्टीत १ ते ९. पट्टीसाठी दोन चिंचोके. पटावर ठेवायला एका जोडीला राजमा आणि दुसरीला हरभरे. पहिली जोडी पट्टीवर एक चिंचोका ठेवते. दुसरी जोडी दुसरा चिंचोका कुठेही ठेवते, हवा तर त्याच आकड्यावर, आणि दोघांचा गुणाकार पटावर शोधून तिथे आपला दाणा ठेवते. यानंतर प्रत्येक पाळीला दोनपैकी एकच चिंचोका हलवायचा. आडवे, उभे किंवा तिरके चार दाणे सलग आले की जिंकलं.

यात मूल उलटं विचार करायला लागतं. त्याला ४२ वर दाणा ठेवायचा आहे आणि चिंचोके ७ आणि ४ वर आहेत. साताला कशानं गुणलं की बेचाळीस? चारावरचा सहावर न्यायचा. तोंडानं कुणी ‘भागाकार’ म्हणत नाही, पण चाललंय तेच. आणि समोरच्याला ४२ मिळू द्यायचं नसेल तर सहा आणि सात, दोन्ही आकडे मोकळे सोडावे लागतात. हे कळायला मुलांना चार-पाच डाव लागतात. तोवर त्यांना काही सांगू नका.

सहा आठवड्यांनी मी प्रत्येक मुलाला एकटं जवळ बोलावते आणि त्या एकवीसमधले सहा गुणाकार विचारते. मूल एकापासून पाढा सुरू करतं, तोडून सांगतं की थेट सांगतं, एवढंच टिपून ठेवते. पाढा सुरू करणाऱ्यांना पुन्हा चौकोनावर बसवते, तोडून सांगणाऱ्यांना पटावर ठेवते. थेट सांगणाऱ्या एका मुलानं परवा पट हातात घेऊन विचारलं, ‘बाई, ह्यात ११ कुठंय? आणि १३?’ मी पट्टी त्याच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, ‘तूच करून दाखव.’ त्यानं दोन्ही चिंचोके घेतले आणि अजून तो आणि त्याचा जोडीदार १७ वर अडकले आहेत.